डेरिव्हेटिव्ह हाताने काढल्यावर आलेखाने पडताळावे का? एका चिन्हाच्या चुकीवरून चर्चा

चोपडा, बारावीची शिक्षिका

f(x) = x²e^(−x) या फंक्शनचे क्रिटिकल पॉइंट काढायला दिले, तेव्हा बऱ्याच वह्यांत डेरिव्हेटिव्ह x(2+x)e^(−x) असे आले आणि उत्तर 0 व −2 असे लिहिले गेले. हाताने सोडवून झाल्यावर फंक्शन आणि आपण काढलेले डेरिव्हेटिव्ह या दोघांचा आलेख मोबाइलवर काढून पाहण्याची सवय मुलांना लावावी, असे मला वाटते. माझ्या एका सहकाऱ्यांच्या मते त्यामुळे हात कच्चा राहतो. आपले मत काय?

जळगाव, निवृत्त प्राध्यापक

ताई, सवय जरूर लावावी, परंतु आलेखात नेमके काय पाहायचे हे आधी सांगितले नाही, तर मुले नुसत्या दोन रेघा पाहून फोन खाली ठेवतील. e^(−x) चे डेरिव्हेटिव्ह घेताना जे उणे चिन्ह बाहेर यायला हवे, ते आपल्या उदाहरणात राहून गेले आहे. खरे डेरिव्हेटिव्ह x(2−x)e^(−x) आहे आणि क्रिटिकल पॉइंट 0 व 2 आहेत. मुलांनी हे उत्तर सॉफ्टवेअरकडून मागू नये. आपल्या वहीतले डेरिव्हेटिव्ह, मग ते चुकीचे का असेना, अक्षरशः जसेच्या तसे टाइप करावे. जिओजेब्रामध्ये एवढे पुरते:

```
f(x) = x^2 * exp(-x)
g(x) = x*(2+x)*exp(-x)
```

आता पाहायचे ते असे. g जिथे X-अक्षाच्या वर आहे, तिथे f डावीकडून उजवीकडे चढत गेले पाहिजे, आणि g जिथे अक्षाच्या खाली आहे, तिथे f उतरत गेले पाहिजे. शून्याच्या उजवीकडे g सतत अक्षाच्या वर राहते, म्हणजे f कायम चढत जावे. प्रत्यक्षात ते 2 जवळ सुमारे 0.541 या उंचीपर्यंत जाऊन उतरू लागते. विसंगती इथेच उघडी पडते. दुसरीकडे, g च्या म्हणण्यानुसार −2 पाशी f ची स्पर्शिका आडवी असायला हवी, पण f तिथे जवळपास 29.6 या उंचीवरून अतिशय तीव्रपणे खाली येत असते. त्याचा खरा चढ सुमारे −59 आहे.

मात्र एका चौकटीत या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत, हे मुलांना मुद्दाम सांगावे. 2 जवळचा उंचवटा नीट दिसावा म्हणून y ची चौकट −1 ते 1.5 ठेवली, तर f चा आलेख x = −0.8 च्या आसपासच वरच्या कडेतून बाहेर निघून जातो आणि −2 बद्दल काहीच कळत नाही. तिथे पाहण्यासाठी y ची चौकट 40 पर्यंत वाढवावी लागते, आणि मग उजवीकडचा उंचवटा अक्षाला चिकटून जातो. म्हणून वहीत जे जे बिंदू आले असतील, त्या प्रत्येकाजवळ वेगळे जाऊन पाहावे.

नंदुरबार, गणिताचे शिक्षक

सरांविषयी पूर्ण आदर राखून मी विरोधी मत मांडतो. या उदाहरणातली चूक पकडायला आलेखाची गरजच नाही. f(1) = 0.368, f(2) = 0.541 आणि f(3) = 0.448 या तीन किमती काढल्या की फंक्शन 2 नंतर उतरते हे दिसते, आणि शून्यानंतर ते कायम वाढते असे सांगणारे डेरिव्हेटिव्ह तिथल्या तिथे चुकीचे ठरते. परीक्षेत e ची किंमत जवळपास 2.7 धरून हे काम कागदावर होते, शिवाय त्या वेळी हातात फोन नसतोच. आमच्याकडे सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. जी पडताळणी त्या मुलाला गृहपाठाच्या वेळीही करता येणार नाही, तिची सवय लावून आपण त्याला काय देतो? क्रिटिकल पॉइंट काढून झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक किंमत मूळ फंक्शनमध्ये घालून पाहणे, ही सवय मी लावतो.

धुळे, बी.एस्सी.चा विद्यार्थी

मी हेच फंक्शन पायथनमध्ये −10 ते 10 पर्यंत काढून पाहिले. आलेख डावीकडे प्रचंड उंचीवरून खाली येतो आणि शून्याच्या थोडा आधीपासून पुढे पूर्ण सपाट होतो. 2 पाशी कोणताही उंचवटा दिसत नाही. त्यामुळे वर सांगितलेले मला पटले नाही. माझ्या मते फंक्शनचा आलेख काढूच नये. सॉफ्टवेअरने दिलेले डेरिव्हेटिव्ह आणि आपले डेरिव्हेटिव्ह X-अक्षाला कुठे छेदतात एवढेच जुळवावे. छेदबिंदू तेच आले तर आपले उत्तर बरोबर.

जळगाव, निवृत्त प्राध्यापक

आलेख खोटा नाही, त्याची मोजपट्टी तुम्हाला फसवते आहे. x = −10 ला f ची किंमत 100·e^10, म्हणजे सुमारे 22 लाख होते. पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीला y-अक्षाची चौकट स्वतः ठरवू दिली, तर ती 22 लाखांपर्यंत ताणली जाते आणि त्यात 0.541 चा उंचवटा दिसणे शक्यच नाही. plt.ylim(-1, 1.5) ही एक ओळ घाला, म्हणजे तो दिसेल.

छेदबिंदू जुळवण्याची तुमची सूचना अर्धीच बरोबर आहे. आपल्या ताईंच्या उदाहरणात चिन्हाच्या चुकीने छेदबिंदू सरकला, म्हणून त्या रीतीने चूक सापडेल. पण समजा एखाद्याने संपूर्ण डेरिव्हेटिव्हचेच चिन्ह उलटे केले आणि x(x−2)e^(−x) असे लिहिले. त्याचे छेदबिंदू 0 आणि 2 हेच येतात, तुमच्या कसोटीत तो उत्तीर्ण होतो, आणि मग तो 0 ला स्थानिक कमाल व 2 ला स्थानिक किमान ठरवून मोकळा होतो. ही चूक f चा आलेख सोबत असल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही, कारण 0 आणि 2 यांच्या मध्ये f चढत असताना त्याने लिहिलेले डेरिव्हेटिव्ह अक्षाच्या खाली गेलेले असते. म्हणूनच दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवावेत असा माझा आग्रह आहे.

भुसावळ, पत्राकाम करणारा

मी बारावीनंतर शिक्षण सोडून काकांच्या पत्र्याच्या दुकानात काम करतो, पण हा धागा वाचून माझी एक जुनी अडचण विचारतो. 18 इंची चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून x इंचाचे चौरस कापून वर दुमडले, तर ट्रेचे घनफळ x(18−2x)² होते. मी डेरिव्हेटिव्ह काढले, x = 3 आणि x = 9 आले, आणि 3 ला घनफळ 432 घन इंच मिळाले. मोबाइलवर आलेख काढला, तर तो 9 नंतर पुन्हा वर चढतो, 12 ला परत 432 होतो आणि 15 ला 2160 पर्यंत जातो. म्हणजे माझ्या डेरिव्हेटिव्हमध्ये चिन्ह चुकले आहे का? मोठा ट्रे कसा कापावा?

नंदुरबार, गणिताचे शिक्षक

भाऊ, तुमचे डेरिव्हेटिव्ह अचूक आहे. ते 12(3−x)(9−x) असे येते. दोन कोपऱ्यांतून मिळून 2x इंच कापले जातात आणि पत्रा 18 इंचांचाच आहे, त्यामुळे x ला 0 आणि 9 यांच्या मध्येच राहावे लागते. 9 ला तळच उरत नाही आणि घनफळ शून्य होते. 9 च्या पुढे 18−2x ऋण होते, पण वर्ग केल्यामुळे उत्तर धन दिसते, आणि आलेखाला पत्र्याची माहिती नसल्याने तो बिनदिक्कत चढत जातो. तुमच्या ट्रेसाठी 3 इंचच योग्य. ताई, माझ्या आक्षेपाचे हे आणखी एक उदाहरण समजा: यांचे हाताचे उत्तर बरोबर होते आणि शंका आलेखाने निर्माण केली.

चोपडा, बारावीची शिक्षिका

ही शंका मला हवीच आहे, सर, कारण x कुठपर्यंत जाऊ शकतो हा प्रश्न वहीत कुणी विचारलाच नव्हता. फोनची अडचण मात्र मला मान्य आहे. वर्गात एकाच पडद्यावर सर्वांसमोर आलेख काढावा आणि घरी तुमच्या पद्धतीने किमती काढायला सांगाव्यात, असे मी करून पाहणार आहे. पण नेहमीच्या चौकटीत आलेखाला चूक अजिबात दिसणार नाही, असे एखादे उदाहरण तुमच्याकडे आहे का?

नंदुरबार, गणिताचे शिक्षक

x³ − 0.03x हे घ्या. डेरिव्हेटिव्ह 3x² − 0.03 असून क्रिटिकल पॉइंट 0.1 आणि −0.1 आहेत. एखाद्याने चिन्ह चुकवून 3x² + 0.03 लिहिले, तर तो म्हणेल की क्रिटिकल पॉइंटच नाहीत आणि फंक्शन सर्वत्र वाढते. आता −10 ते 10 च्या चौकटीत पाहा. फंक्शन साध्या x³ सारखे दिसते, ते 0 जवळ खरोखर उतरते हे कळत नाही, कारण 0.1 ला त्याची किंमत फक्त −0.002 आहे. डेरिव्हेटिव्ह चुकीचे असो वा बरोबर, ते 3x² सारखेच दिसते. चुकीच्या उत्तराला आलेख इथे पाठिंबा देतो.

जळगाव, निवृत्त प्राध्यापक

उदाहरण चपखल आहे, आणि नुसत्या नजरेवर विसंबू नये हे मला मान्य आहे. अशा वेळी मी तिसरी ओळ लिहायला सांगतो, ज्यात सॉफ्टवेअरच्या डेरिव्हेटिव्हमधून आपले वजा होते:

```
d(x) = f'(x) - g(x)
```

आपले उत्तर बरोबर असेल, तर d सर्वत्र शून्य असते. तुमच्या उदाहरणात ते सर्वत्र −0.06 येते. ती रेघ अक्षाला इतकी लागून असते की डोळ्याला फरक जाणवणार नाही, परंतु खाली d(1) टाइप केले की −0.06 हा आकडा समोर येतो. मात्र हा आकडा x = 0 ला कधीच तपासू नये. ताईंच्या पहिल्या उदाहरणात d = −2x²e^(−x) होते आणि 0 ला ते शून्यच येते, म्हणून तिथे चुकीचे डेरिव्हेटिव्हसुद्धा बरोबर वाटते; 1 ला ते −0.736 येते. मुलांना 0 सोपा वाटतो आणि ती नेमकी तिथेच तपासून पाहतात.

नंदुरबार, गणिताचे शिक्षक

म्हणजे शेवटी चूक पकडली ती आकड्याने, सर, आलेखाने नव्हे. शिवाय f' लिहिताच सॉफ्टवेअर खरे डेरिव्हेटिव्ह पडद्यावर छापून दाखवते, त्यामुळे मूल वजाबाकी न करता ते उतरवून घेईल. मी सांगितलेल्या रीतीत ती सोय नाही. f(1.1) मधून f(0.9) वजा करून 0.2 ने भागले, तर ताईंच्या फंक्शनसाठी 1 जवळचा चढ सुमारे 0.37 येतो, चुकीच्या डेरिव्हेटिव्हने तो 1.10 सांगितलेला असतो. सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो.

जळगाव, निवृत्त प्राध्यापक

ती रीत उत्तम आहे आणि f' ऐवजी मी तीच सॉफ्टवेअरमध्येही वापरू देईन, म्हणजे उतरवून घेण्याचा प्रश्न राहणार नाही. तरीही 1 जवळ तपासायचे की −2 जवळ, हे मुलाला कशावरून सुचणार, यावर आपले मतभेद आहेत. मला ते आलेखावरून सुचते. तुम्ही ते वहीतल्या क्रिटिकल पॉइंटवरून ठरवता, आणि ज्या मुलाच्या वहीत 3x² + 0.03 मुळे एकही क्रिटिकल पॉइंट आलेला नाही, त्याने दोन्ही बाजूंची किंमत कोणत्या बिंदूच्या घ्यायची, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.