'12 आठवड्यांत डेव्हलपर' : हा प्लॅन कुणी काढला?

शिरोलीकर_क्वालिटी

वय 31, डिप्लोमा मेकॅनिकल, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे. शिफ्ट बदलती, सुट्टी सोमवारी. नोकरी न सोडता प्रोग्रॅमिंग शिकून लाइन बदलायची आहे. एका व्हिडिओवरनं प्लॅन उतरवून घेतलाय : पहिला आठवडा एचटीएमएल-सीएसएस, दोन-तीन जावास्क्रिप्ट, चार-पाच रिॲक्ट, सहा-सात पायथन आणि जँगो, आठ एसक्यूएल, नऊ-दहा डेटा स्ट्रक्चर-अल्गोरिदम म्हणजे डीएसए, अकरा क्लाउड, बारा रेझ्युमे. रोज 3 तास. जमंल का? खरं सांगा.

तांबडा_पांढरा

नाही जमणार. आणि राग तुझ्यावर नाही भावा, ज्यानं हा प्लॅन काढला त्याच्यावर आहे. त्यानं एकदा सेकंड शिफ्ट काढून रात्री बाराला घरी यावं, जेवावं आणि मग रोज तीन तासांचं बोलावं.

तास मोजू. रोज तीन म्हणजे बारा आठवड्यांचे 252. आता कामाच्या सहा दिवसांत एकेक तास आणि सोमवारी चार धर, आठवड्याचे दहा झाले, एकूण 120. त्यातनं ओव्हरटाइम, लग्नं, आजारपण आणि थर्ड शिफ्टचे आठवडे वजा कर. 90 हातात राहिले तरी पुष्कळ. तुझ्या यादीत ढोबळ आठ-नऊ विषय आहेत, म्हणजे एकेकाला दहा तास. दहा तासांत रिॲक्टची नावं पाठ होतील, रिॲक्ट येणार नाही.

एकच भाषा धर, पायथन. पहिले चार आठवडे लिस्ट, डिक्शनरी, लूप, फंक्शन, फाइल वाचणं-लिहिणं, बास. व्हिडिओ अर्धा तास बघितलास की बंद कर आणि तेच कोऱ्या फाइलमध्ये न बघता लिही. बघताना सगळं कळतंय आणि कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही, असं होत असेल तर पुढचा व्हिडिओ लावू नकोस, तिथंच थांब.

पाचव्या आठवड्यापासनं तुझ्याच टेबलावरचं काम घे. रिजेक्शन रजिस्टर आहे ना? तारीख, पार्ट, डिफेक्ट, नग. रकान्यांची नावं date, part, defect, qty ठेव. ते एक्सेलमधनं सीएसव्ही करून घे आणि एकूण रिजेक्शन काढ.

```python
import csv
ekun = 0
with open("rejection.csv", encoding="utf-8-sig", newline="") as f:
    for row in csv.DictReader(f):
        ekun = ekun + int(row["qty"])
print(ekun)
```

एवढ्याशा कोडमध्ये तू तीनदा अडकणार. `int` विसरलास तर `TypeError`, कारण सीएसव्हीतनं येणारा प्रत्येक आकडा पायथनला अक्षरंच वाटतो. कुणी नगाचा रकाना मोकळा सोडला असेल तर `ValueError`. आणि नुसतं `utf-8` लिहून पुढं कधी `row["date"]` घेतलंस तर `KeyError: 'date'` येईल, स्क्रीनवर date ढळढळीत दिसत असताना! एक्सेल यूटीएफ-8 सीएसव्ही सेव्ह करताना फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण टाकतं, ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. या एररनं माणसाची अख्खी संध्याकाळ जाते. एरर आली की सगळ्यात खालची ओळ आधी वाच, बाकीचं नंतर.

सातवा आठवडा मोकळा ठेव, मागं राहिलेलं भरायला. राहणारच आहे.

राजारामपुरी_गल्ली

छान. आणि मुलाखतीत काय सांगणार, रजिस्टरची बेरीज केली म्हणून? मी तीन कंपन्यांच्या टेस्ट दिल्यात. तिन्हीकडं ऑनलाइन, घड्याळ लावून, डीएसएचे प्रश्न. तुझी सीएसव्ही कोण विचारत नाही. डीएसए पहिल्या दिवसापासनं पाहिजे, नाहीतर वर्षभर बेरजाच करत बसशील. आयटीत चिकटलेल्या लोकांना वाटतंय बाहेरचं जग 2012 चंच आहे.

तांबडा_पांढरा

तू फ्रेशर म्हणून टेस्ट दिल्यास. हा माणूस 31 चा आहे, कॅम्पसच्या रांगेत याला कोण उभा करून घेणार? याच्याकडं फौंड्रीची अक्कल आहे, तीच याची भांडवल. आणि भावा, पुण्यातल्या फ्लॅटवर बसून 'चिकटलेले' म्हणू नकोस.

शाहूपुरी_३री

विषय निघालाच आहे तर विचारते. माझा भाचा बारावी सायन्सला आहे. बीसीएला घालावं की बीसीएसला? गणित बेताचंच आहे.

राजारामपुरी_गल्ली

ताई, वेगळा धागा काढा.

पतसंस्थेतली_मी

मला तासांचा हिशेब पटला, कारण मी उलटं करून बसले आहे. पतसंस्थेत काउंटरला आहे, सुटायला सहा वाजतात. एका क्लासला पैसे भरले, तेही हप्त्यावर. 'नोकरीची हमी' मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात हजेरीची अट, प्रत्येक असाइनमेंट वेळेत देण्याची अट आणि ते देतील ती पहिली नोकरी कुठल्याही गावात स्वीकारण्याची अट. मुलगा दुसरीला आहे, मी बेंगळुरूला कशी जाणार? हमी संपली, हप्ता चालू आहे. क्लासवाल्यांना सही करायच्या आधी एकच विचारा : मध्येच सोडलं तर कर्ज कुणाच्या नावावर राहतं? उत्तर देताना तोंड कसं होतंय बघा.

अभ्यासाचं म्हणाल तर रात्री माझ्यानं झालं नाही. पहाटे पाच ते सहा होतंय. रात्री सगळा वेळ कंस शोधण्यात जायचा.

उद्यमनगरचा_जुना

मी कॉम्प्युटरवाला नाही. उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीत मिळून अख्खी नोकरी फौंड्रीत गेली. वर ते रिजेक्शन रजिस्टर वाचून हसू आलं. तारखेवर बेरीज मारून रिजेक्शन टक्का काढणार? आज ओतलेला माल आज रिजेक्ट होतोय काय? गार होणार, नॉकआउट, शॉटब्लास्ट, फेटलिंग, मग इन्स्पेक्शन. दोन-तीन दिवस कुठंच जात नाहीत. आजचं रिजेक्शन भागिले आजचं पोअरिंग हे गणित कॉम्प्युटरवर केलंत काय आणि पाटीवर केलंत काय, चुकीचंच.

तांबडा_पांढरा

काका, सुरुवातीला बेरीज तरी येऊ दे की त्याला. तारखेचं पुढं बघू. थर्ड शिफ्टसाठी मी सांगणारच होतो : रात्री अडीचची नोंद कॅलेंडरनं 13 तारखेची, पण शिफ्ट 12 ची. फर्स्ट शिफ्ट सातला चालू होत असेल तर वेळेतनं सात तास वजा करायचे आणि मग तारीख घ्यायची.

```python
from datetime import datetime, timedelta
t = datetime(2024, 3, 13, 2, 30)
print((t - timedelta(hours=7)).date())   # 2024-03-12
```

उद्यमनगरचा_जुना

सात तास वजा करा नाहीतर सत्तर. मी म्हणतोय तारीखच घेऊ नका. हीट नंबर घ्या, भट्टीत एकावेळी वितळवलेल्या मेटलचा नंबर. पीसवर हीट नंबर असतोय तो कशाला? ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेलं भोक, कुठल्या हीटचा हे कळलं तर त्या दिवशीची वाळू, मेटलचं टेंपरेचर, सगळं मागं जाऊन बघता येतंय. आणि गिऱ्हाईकाकडं मशीनिंगला कातडीखालचा ब्लो होल उघडा पडतो तेव्हा महिना उलटलेला असतो. ते रिजेक्शन कुठल्या तारखेत घालणार?

शिरोलीकर_क्वालिटी

काका बरोबर बोलायलेत. आमच्याकडं याच्यावरनं दर महिन्याच्या मीटिंगला वाजतंय. प्रॉडक्शनवाले म्हणतात क्वालिटीनं मागच्या महिन्याचं आमच्या माथी मारलं.

राजारामपुरी_गल्ली

प्रोग्रॅमिंगचा धागा आहे की फौंड्रीचा?

उद्यमनगरचा_जुना

प्रोग्रॅम कशाचा लिहायचा ते ठाऊक नसेल तर तुझं प्रोग्रॅमिंग काय चाटायचंय?

तांबडा_पांढरा

बरं काका, जिंकलात. खरं तर तुम्ही माझं काम सोपं केलंत, आठव्या आठवड्याचा धडाच दिलात. एक टेबल पोअरिंगचं : हीट, पार्ट, ओतलेले नग. दुसरं रिजेक्शनचं : हीट, पार्ट, डिफेक्ट, नग. दोन्हीत हीट आणि पार्ट सारखे, त्यावर जोडायचं. इथं एसक्यूएल घे, पायथनबरोबर `sqlite3` आयतंच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. एकच खड्डा सांगतो. एका हीटला पोअरिंगची एक ओळ आणि रिजेक्शनच्या तीन ओळी असतील तर जोडल्यावर ओतलेले नग तीनदा मोजले जातात. 200 ओतले, तीन डिफेक्टमध्ये मिळून 18 गेले. टक्का 9 यायला पाहिजे, तुझ्या स्क्रीनवर 3 येईल, कारण खाली 600 धरलेत. मालक खूश होईल, पण चूक आहे. आधी रिजेक्शनची हीट आणि पार्टप्रमाणे बेरीज कर, मग जोड. आणि ज्या हीटला रिजेक्शनच नाही ती गळू नये म्हणून `LEFT JOIN`.

अन् गल्ली, तुझ्यासाठी : हेच त्यानं नुसत्या पायथनमध्ये लूपमध्ये लूप घालून केलं, दोन्हीकडं 5000 ओळी असल्या, तर अडीच कोटी तुलना. हीट आणि पार्ट मिळून किल्ली धरून डिक्शनरी केली तर एकेकदा फिरून काम होतं. तुझं डीएसए इथं आहे. घे, अर्धं मान्य, एक मिसळ लागू.

राजारामपुरी_गल्ली

अर्धं मान्य म्हणजे माझंच बरोबर, फक्त क्रम तुझा. मिसळ फडतऱ्यांकडचीच पाहिजे. पण मूळ प्रश्न तसाच आहे. बाराव्या आठवड्याला याला नोकरी कोण देणार, ते सांग.

तांबडा_पांढरा

कोणी नाही, बहुतेक. बारा आठवड्यांनी त्याच्याकडं एक चालणारं हत्यार असेल आणि ते शिफ्टचा दुसरा माणूस वापरत असेल. शेवटचे दोन आठवडे त्यालाच द्यायचे : दुसऱ्याच्या हातात देऊन बघायचं की तो कुठं अडकतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट मात्र दुसऱ्या आठवड्यापासनं, रोज अभ्यासावरनं उठताना एक कमिट. फक्त कंपनीचा खरा डेटा गिटहबवर टाकू नकोस, पार्टची नावं आणि आकडे बनावट घाल. नाहीतर असलेलीही जाईल.

पतसंस्थेतली_मी

'कोणी नाही' हे इतक्या सहज बोलायला तुमचा पगार चालू आहे म्हणून जमतंय. त्याला लाइन बदलायची आहे, फौंड्रीत राहून मालकाचं फुकटचं सॉफ्टवेअर करायचं नाही. हे टूल चाललं तर पगार वाढेल की नुसतंच 'तेवढं रिपोर्टचं तूच बघ' होईल? आमच्याकडं एक्सेल येतंय म्हणून ताळेबंदाचं सगळं माझ्याकडं आलं, वर काही नाही.

तांबडा_पांढरा

हा मुद्दा आहे. याला माझ्याकडं उत्तर नाही.

शिरोलीकर_क्वालिटी

मी जुना प्लॅन फाडला. रिॲक्टचं नंतर बघू. पण एक अडचण आत्ताच दिसायलीय. आमच्या हीट नंबरात महिन्याचं अक्षर असतंय, A म्हणजे जानेवारी, L म्हणजे डिसेंबर, पुढं अनुक्रम. C112 म्हणजे मार्चची एकशे बारावी हीट. पुढच्या वर्षी मार्चला परत C112 येणार. मग मशीनिंगवरनं परत आलेला C112 कुठल्या वर्षाचा धरायचा?

तांबडा_पांढरा

टेबलात वर्ष वेगळ्या रकान्यात ठेव, वर्ष आणि हीट मिळून किल्ली.

उद्यमनगरचा_जुना

टेबलात ठेवाल हो. पीसवर वर्ष कुठं असतंय?