रिक्रुटर मॅडमना व्हॉट्सॲपवर उत्तर: किती आपुलकी, किती अंतर?

जालन्याचा डिप्लोमावाला: वाळूज एमआयडीसीतल्या क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेचा मेसेज एका रिक्रुटर मॅडमनी मला पाठवला. मागच्या वर्षी एकदाच फोनवर बोलणं झालं होतं. मी असं लिहून ठेवलंय: "हाय मॅम, इंटरेस्टेड. पगार किती? सीव्ही पाठवतो 🙏🙏". मित्र म्हणायलेत की फार सलगीचं वाटतंय. कसं लिहू?

लातूरकर: सरळ इंग्रजीत लिहा, 'रिस्पेक्टेड मॅडम'पासून 'युवर्स फेथफुली'पर्यंत. नोकरीचं काम आहे, इथं आपुलकी कशाला?

भरतीच्या कामातली (संभाजीनगर): लातूरकर, तो अर्ज झाला. व्हॉट्सॲपवर तसं आलं की कुठून तरी उचलून चिकटवलेलं वाटतं. मी याच कामात आहे, म्हणून माझ्या बाजूनं काय दिसतं ते सांगते. बहुतेक उमेदवारांचे नंबर माझ्याकडे सेव्ह नसतात. चॅटच्या यादीत नुसता नंबर आणि शेवटच्या मेसेजचे पहिले काही शब्द दिसतात. तिथं 'हाय मॅम' असेल तर कोण आणि कुठल्या जागेसाठी, काहीच कळत नाही. माझ्याकडे एकाच वेळी वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा अशा बऱ्याच जागा चालू असतात. म्हणून पहिल्याच ओळीत नाव आणि जागा हवी. आभारही कशाबद्दल ते सांगून एकदाच मानावेत. आपुलकी तिथंच पोचते, हात जोडलेल्या चित्रांची रांग लावावी लागत नाही.

मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार मॅडम, मी (पूर्ण नाव), जालना. वाळूजच्या क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आठवण ठेवून मेसेज केलात, मनापासून धन्यवाद. डिप्लोमा मेकॅनिकल आहे. सध्या शेंद्र्यात इन-प्रोसेस इन्स्पेक्शनला आहे, अनुभव तीन वर्षं. नोटीस पिरियड एक महिना. सीव्ही सोबत जोडला आहे. या आठवड्यात पहिली शिफ्ट आहे, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर कधीही फोन करू शकता."

शाखा, सध्याचं काम, वर्षं, नोटीस पिरियड, शिफ्ट हे सगळं स्वतःचं टाका. हे वाचून मला उलट एकही प्रश्न विचारावा लागत नाही, नाव थेट पुढं पाठवता येतं. सीव्हीचा कागदावरचा फोटो नको, पीडीएफ पाठवा, आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. `Resume_final_2.pdf` नावाच्या फाइली माझ्या फोनमध्ये ढिगानं पडलेल्या असतात, कुठली कुणाची ते उघडल्याशिवाय समजत नाही.

परभणीची: 'आठवण ठेवून' हे जपून लिहा. त्यांच्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असं दिसत असेल तर तो शंभर जणांना गेलेला असू शकतो. मग ते वाक्य खोटं वाटतं. "माहिती पाठवल्याबद्दल धन्यवाद" एवढंच पुरे.

भरतीच्या कामातली (संभाजीनगर): हे बरोबर धरलंत. तुम्हाला नावानं लिहिलं असेल तरच 'आठवण ठेवून' लिहा.

नांदेडचा राहुल्या: एवढं टाइप करत बसण्यापेक्षा व्हॉइस नोट टाका ना. आवाजात आपुलकी आपोआप येते, मराठी माणूस आहे ते कळतं. 'ताई' म्हणलं तरी काय बिघडतंय? आपल्याकडं सगळेच म्हणतात.

भरतीच्या कामातली (संभाजीनगर): आवाजातली आपुलकी मान्य. पण व्हॉइस नोट ऑफिसात सगळ्यांसमोर ऐकता येत नाही, आणि त्यातला नोटीस पिरियड कॉपी करून शीटमध्ये टाकता येत नाही. 'ताई'चं म्हणाल तर मला स्वतःला राग येत नाही, पण माझ्या शेजारी बसणारीला बिलकुल आवडत नाही. एकदा फोनवर बोललेल्या बाईंना 'मॅडम'च बरं.

बीडचे काका: माझ्या पुतण्याला अशाच मेसेजवरून रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले होते. आधी कंपनीचं नाव विचारा, मग गोड बोला.

परभणीची: काका, इथं मॅडम ओळखीच्या आहेत. पण पैसे मागितले की तिथंच थांबायचं, हे खरंच.

लातूरकर: भाषेवर मी अजूनही ठाम आहे. मॅडमनी हा मेसेज जसाच्या तसा प्लँटच्या एचआरला पाठवला आणि तो माणूस चेन्नईचा निघाला तर? मराठीतलं कोण वाचणार?

भरतीच्या कामातली (संभाजीनगर): हा मुद्दा खरा आहे, माझ्याकडे तसं होतं. मॅडमनी ज्या भाषेत लिहिलंय त्याच भाषेत उत्तर द्या, असं मी सांगते. इंग्रजी असेल तर साधी, चार वाक्यांची.

जालन्याचा डिप्लोमावाला: त्यांनी मराठीतच लिहिलंय, आणि माझ्या नावानं. मग पगाराचं विचारू का नको?

भरतीच्या कामातली (संभाजीनगर): पहिल्या मेसेजात नको. त्यांचा फोन आला की विचारा, तेव्हा कुणाला वावगं वाटत नाही.

नांदेडचा राहुल्या: हे नाही पटलं. जालन्याहून वाळूजला रोज जायचं म्हणजे भाडं, नाहीतर खोली. आकडा आधी कळला तर दोघांचाही वेळ वाचतो. "पगाराची रेंज कळवू शकाल का?" एवढं नम्रपणे विचारण्यात सलगी कुठली?

भरतीच्या कामातली (संभाजीनगर): त्या शब्दांत विचारलंत तर मी उत्तर देईन. सगळे देतील याची खात्री देत नाही.