दुपट्ट्याची क्रोशा लेस: तक्ता कुठून वाचायचा आणि कापडाला चुण्या का पडतात

बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. पांढऱ्या मलमलच्या दुपट्ट्याला दोन्ही पदरांवर क्रोशाची लेस करायची आहे. रुंदी ३६ इंच. दोरा २० नंबरचा मर्सराइज्ड, सुई १.२५ मिमी. तक्त्याचा फोटो टाकलाय, साधा शिंपल्यांचाच आहे. पण पहिल्या ओळीचा आकडा डावीकडे लिहिलाय आणि दुसऱ्या ओळीचा उजवीकडे. छपाईत चूक झाली आहे का?

सी-१०२ काकू: चूक नाही गं. आकडा ज्या बाजूला असतो तिथून ती ओळ सुरू होते. तक्ता नेहमी लेसच्या सुलट बाजूने काढलेला असतो. उजव्या हाताने विणणारी बाई समोर जी बाजू धरते, ती उजवीकडून डावीकडेच विणते. तक्त्यात ओळ डावीकडून सुरू होत असेल तर याचा अर्थ ती ओळ उलट बाजू समोर धरून विणायची आहे.

सी-१०२ काकू: म्हणजे दुपट्ट्याची मागची बाजू स्वतःकडे कर आणि तुझ्या उजव्या हाताच्या कोपऱ्यापासून पहिली ओळ घे. ती संपली की एक साखळी घालून वळायचं. मग सुलट बाजू समोर येते आणि शिंपले सुलट बाजूने विणले जातात. शिंपल्याच्या खांबांची पुढची बाजू भरीव, गुळगुळीत दिसते, मागची खरबरीत. दोनच ओळींच्या लेसमध्ये पहिली ओळ मागून घेण्याचं कारण एवढंच आहे. नाहीतर मध्ये दोरा कापून पुन्हा उजवीकडून सुरू करावं लागतं आणि दोन टोकं जास्तीची लपवावी लागतात.

बी-३०४: अच्छा! दुसऱ्या पदरालाही तसंच का?

सी-१०२ काकू: हो. दोन्ही पदरांना सुरुवात मागच्याच बाजूने. एक इकडून, एक तिकडून केलं तर पांघरल्यावर दोन टोकं वेगवेगळी दिसतात.

ए-७०१: चिन्हंही एकदा सांगा ना काकू. मला खांब आणि अर्धा खांब यात गोंधळ होतो.

सी-१०२ काकू: लांबट पोकळ अंडाकृती म्हणजे साखळी. फुली म्हणजे मुका खांब. इंग्रजी टी अक्षरासारखं चिन्ह आणि त्याच्या दांड्यावर एक तिरकी रेघ, हा साधा खांब. तिरक्या रेघा मोजायच्या, एक रेघ तर सुईवर एक अढी घेऊन विणायचं, दोन रेघा तर दोन अढ्या. फक्त अर्धा खांब या नियमात बसत नाही. त्यात अढी एक घेतो, पण चिन्हावर रेघ नसते, नुसता टी असतो.

सी-१०२ काकू: शब्दांतल्या कृतीपेक्षा तक्ता बरा, कारण अमेरिकन पुस्तकातला 'डबल क्रोशे' आणि ब्रिटिश पुस्तकातला 'डबल क्रोशे' हे दोन वेगळे टाके आहेत. अमेरिकन डबल म्हणजे आपला खांब, ब्रिटिश डबल म्हणजे आपला मुका खांब. चिन्ह मात्र दोन्हीकडे तेच.

डी-५०५ ताई: तुमच्या फोटोत पाच खांब खाली एका बिंदूत मिळालेत, बघा. खाली जुळलेले म्हणजे पाचही एकाच टाक्यात घालायचे. तेच जर वर जुळलेले असते तर पाच वेगळ्या टाक्यांतून घेऊन वर एकत्र बंद करायचे असते. आणि सोडलेल्या टाक्यांना वेगळं चिन्ह नसतं. खालच्या ओळीतल्या ज्या फुलीवर काहीच उभं नाही ती सोडायची. तर तुमची दुसरी ओळ अशी: पहिल्या टाक्यात मुका खांब, दोन सोडा, पुढच्या एकात पाच खांब, दोन सोडा, पुढच्यात मुका खांब. पुन्हा तेच. प्रत्येक शिंपल्याला सहा टाके लागतात आणि शेवटच्या मुक्या खांबासाठी एक जास्तीचा. म्हणजे एकूण टाके सहाच्या पटीत अधिक एक.

बी-३०४: मग ३६ इंचात किती टाके घालू?

डी-५०५ ताई: आधी एक सांगा, दुपट्टा धुतलाय का? आणि कडेला पिको आहे की साधी दुमड?

बी-३०४: धुतलेला नाही. पिको करून घेतलाय.

डी-५०५ ताई: मग दोन कामं आधी. दुपट्टा आणि थोडा दोरा, दोन्ही पाण्यात भिजवून वाळवा. सुती मलमल पहिल्या धुण्यात आटते. लेस घातल्यावर आटली तर कापड लहान, लेस तेवढीच, आणि सगळी किनार लाटेसारखी उठते. दोरा रंगीत असेल तर ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा, डाग पडला तर पांढऱ्या दुपट्ट्याला तो दोरा नको. पिको पदरांपुरता उसवा. त्याच्या दोऱ्यांना खालच्या कापडाची पकड फार कमी असते. त्यात लेस अडकवली तर लेसच्या वजनाने तो पिको कापडापासून सुटतो. पाच मिमीची दुहेरी दुमड घालून हाताने बारीक हेम करा. त्या दुमडीवर काठाने ब्लँकेट टाके. सुई काठापासून चारेक मिमी आत, म्हणजे दुमडीच्या तिन्ही थरांतून जाईल अशी.

डी-५०५ ताई: आता हिशेब. टाकाऊ मलमलच्या तुकड्याला तशीच दुमड घालून सहा शिंपले करून बघा. तुमच्या दोऱ्याला आणि सुईला ते साधारण ९ सेमी भरतील असं धरू, म्हणजे एक शिंपला दीड सेमीचा. धुऊन रुंदी ९१ सेमीच राहिली असेल तर ९१ भागिले दीड म्हणजे साठ आणि थोडं वर. साठ शिंपले घ्या. साठ सक ३६० अधिक एक, ३६१ टाके. ब्लँकेट टाके पाच मिमीवर घातले की १८० घरं होतात. प्रत्येक घरात दोन मुके खांब, फक्त शेवटच्या घरात तीन. एका शिंपल्याला बरोबर तीन घरं.
नमुना ९ च्या ऐवजी ९.६ भरला तर ५७ शिंपले येतील आणि घरंही १७१ करावी लागतील. म्हणून नमुना केल्याशिवाय ब्लँकेट टाके घालू नका.

सी-१०२ काकू: यात एक सोपी खूण आहे. पहिल्या ओळीत प्रत्येक घरात दोन टाके, त्यामुळे शिंपल्यांमधला मुका खांब नेहमी दर तिसऱ्या घरानंतर नव्या घराच्या पहिल्या टाक्यावर येतो. तो दुसऱ्या टाक्यावर बसलेला दिसला की मागे कुठेतरी एक टाका चुकलाय. ३६१ मोजत बसायची गरज नाही.

डी-५०५ ताई: शिवाय पदर चार भागांत दुमडून रंगीत दोऱ्याच्या खुणा करा. प्रत्येक पाव भागात ४५ घरं, १५ शिंपले, लांबी पावणेतेवीस सेमी.

*(नऊ दिवसांनंतर)*

बी-३०४: ताई, मदत हवी आहे. नमुना ९ सेमीच भरला, दुपट्टाही ९१ राहिला. ब्लँकेट टाके आणि पहिली ओळ पूर्ण झाली, शिंपले फक्त पहिल्या पाव भागात केलेत. तिथे मलमलला बारीक चुण्या पडतायत. घरं ४५ च आहेत, मोजली. पण तो भाग २१.५ सेमी भरतोय.

ए-७०१: शिंपले घट्ट झाले असतील.

सी-१०२ काकू: असं अंदाजाने नको. दुसरा पाव भाग मोज, जिथे फक्त पहिली ओळ आहे. आणि दुसऱ्या पदराला नुसते ब्लँकेट टाके घातले असशील तर तोही. टेबलावर ठेवून, कापड न ओढता.

बी-३०४: फक्त पहिली ओळ असलेला भाग २१.६. नुसते ब्लँकेट टाके असलेला २२.७.

सी-१०२ काकू: मग शिंपल्यांचा दोष नाही, ब्लँकेट टाक्यांचाही नाही. पहिल्या ओळीत हात घट्ट झालाय. टाके मोजून बरोबर आहेत, म्हणजे संख्येचा प्रश्न नाही, ताणाचाच आहे. चुण्या जर शिंपल्यांखालीच असत्या आणि दुसरा भाग सपाट असता, तर खांब घट्ट म्हटलं असतं. उलट काठ लाटेसारखा उठला असता तर टाके जास्त किंवा हात सैल.

बी-३०४: धुऊन ताणून पिना लावल्या तर बसेल का?

डी-५०५ ताई: पावणेतेवीसात सव्वा सेमी कमी आहे, एवढं नाही बसत. दोन-तीन मिमी असते तर बसलं असतं. ओलं ताणून वाळवलं की त्या दिवशी सपाट दिसेल, पहिल्या धुण्यात परत आखडेल. दोन्ही ओळी उसवा, ब्लँकेट टाके राहू द्या. पहिल्या ओळीला १.५ ची सुई घ्या, शिंपल्यांना परत १.२५. 'आता सैल विणते' असं ठरवून हात बदलत नाही, दहा टाक्यांनी तो जुन्या सवयीवर येतो. सुई बदलली की सगळे टाके सारखेच सैल होतात.

सी-१०२ काकू: घट्ट का होतो तेही बघ. काठावरच्या आडव्या दोऱ्याखाली सुईचं टोक घालताना अडतं, म्हणून आपण नकळत सुई मानेपर्यंतच ठेवतो. आकड्यामागची मान बारीक असते, फास तिथे आवळला की टाका सुईच्या नंबरापेक्षा लहान होतो. प्रत्येक वेळी फास मागे, सारख्या जाडीच्या दांड्यावर सरकू दे आणि मगच पुढची अढी घे. दुसरं, आडव्या दोऱ्याखालून ओढलेला फास काठाच्या वर आला पाहिजे. तो आखूड राहिला की मुका खांब काठ खाली दाबतो आणि चुण्या तिथून सुरू होतात. टाका पूर्ण झाल्यावर दोऱ्याला तो एक झटका देऊन 'आवळायची' सवय असते बऱ्याच जणींना, ती सोड.

सी-१०२ काकू: डाव्या हाताला दोरा करंगळीभोवती एक वळसा, मधल्या दोन बोटांखालून आणि तर्जनीवरून. ताण करंगळीच्या वळशाने धरायचा, तर्जनी फक्त दोरा पुरवते. या पावसाळी हवेत बोटं ओलसर होतात आणि दोरा त्या वळशात अडकून अडकून येतो, एक टाका घट्ट, एक सैल. शेजारी सुती रुमाल ठेव, पंख्याखाली बस. पावडर लावू नकोस, दोऱ्यात बसते आणि पांढरा दोरा मळकट दिसतो. आणि गुंडा पिशवीत मोकळा फिरला पाहिजे. गुंड्यातून दोरा खेचावा लागला तर तेवढाच भाग आवळतो.

ए-७०१: मी जॉर्जेटला २० नंबरच घेतला तर?

डी-५०५ ताई: जॉर्जेट, शिफॉनला जड होईल, पदर खाली ओढला जाईल आणि टाक्यांची भोकं दिसतील. ४० नंबरचा दोरा, १ मिमीची सुई. आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. नमुना आणि हिशेब पुन्हा करायचा, वरचे आकडे तिथे चालणार नाहीत.

बी-३०४: दुसऱ्या पदरासाठी दोरा पुरेल का हे कसं कळेल?

डी-५०५ ताई: सहा शिंपल्यांचा तो नमुना दोन्ही ओळींसकट उसवा आणि दोरा फुटपट्टीवर मोजा. त्याची दहापट एका पदराला. दोन पदरांना वीसपट, वर दोनेक मीटर टोकांसाठी. ब्लँकेट टाक्यांचा दोरा वेगळा. कमी पडत असेल तर आजच आणा, शेड नंबरबरोबर लॉट नंबरही जुळवून. पांढऱ्यातही फरक दिसतो. आणि नवा दोरा पहिल्या ओळीत जोडा, शिंपल्याच्या मध्ये नको. टोक दहा सेमी सोडून ते तीन-चार सेमी एका दिशेने, मग उलट दिशेने ओवा, मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असतो, एकाच दिशेने ओवला तर सुटतो.

*(चार दिवसांनी)*

बी-३०४: १.५ ने पहिली ओळ परत केली. पहिला पाव भाग २२.७, चुण्या नाहीत. शिंपले १.२५ ने सुरू केलेत, मुका खांब बरोबर प्रत्येक चौथ्या घराच्या पहिल्या टाक्यावर येतोय.

सी-१०२ काकू: पहिल्या घरापासून मोजलंस तर पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या घरावर. तसाच असेल तर बरोबर. संपल्यावर ओला करून प्रत्येक शिंपल्याच्या मधल्या खांबाला एक पिन लाव, स्टीलच्या न गंजणाऱ्या. या दिवसांत वाळायला वेळ लागतो आणि साध्या पिनेचा गंज मलमलवरून जात नाही.