मदत हवी आहे: लांबलचक चलनाची बेरीज कॅल्क्युलेटरच्या M+ वर, मधल्या रकमा कागदावर न लिहिता

काउंटरवरचा

दुकान भायखळ्याला आहे, इलेक्ट्रिकचा माल लोहार चाळीतून येतो. सोबतच्या चलनावर पन्नास-साठ ओळी असतात. नग आणि भाव लिहिलेले, पण ओळीची रक्कम बहुतेक वेळा कोरीच. सध्या एकेक ओळ गुणून रक्कम पेन्सिलने बाजूला लिहितो आणि मग त्या सगळ्या रकमांची बेरीज मारतो. म्हणजे दुप्पट काम, आणि टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत असतो.

कॅल्क्युलेटर साधा टेबलावरचा, बारा आकडी. M+, M-, MRC, GT अशी बटणं आहेत, वर दोन सरकत्या कळी आहेत. M+ ने जमतं असं ऐकून करून पाहिलं, पण एकच चलन दोनदा केलं की दोन उत्तरं येतात. शिवाय मधेच परत पाठवलेला माल असतो, तो वजा कसा करायचा? नमुन्याला सहा ओळी देतो:

वायर बंडल ४ नग, १३८५
स्विच ६० नग, २४
सॉकेट ३५ नग, ४८
एमसीबी १२ नग, १६५
होल्डर १५ नग, २२ (परत)
पट्टी ४० नग, ३६.५०

शेवटी ५ टक्के सूट, त्यावर १८ टक्के जीएसटी.

नाना_परळ

एवढा त्रास कशाला? एक्सेलमध्ये नग एका रकान्यात, भाव दुसऱ्यात. फोनवरसुद्धा होतं. आमच्या फोनच्या कॅल्क्युलेटरवर तर M+ दिसतच नाही.

काउंटरवरचा

नाना, चलन हातात, माल मोजणं चालू, त्यात फोनवर साठ ओळी टाइप करत बसलो तर माल रस्त्यावरच राहील. प्रश्न टेबलावरच्या कॅल्क्युलेटरचाच आहे.

गिरगावकर

M+ च्या भानगडीत पडू नका, GT वापरा. प्रत्येक ओळीला गुणाकार करून `=` दाबायचं, संपलं की GT दाबायचं. सगळ्या `=` ची बेरीज समोर येते. M+ मध्ये रक्कम दोनदा धरली जाते, म्हणून तुमची उत्तरं वेगळी येतात.

हिशेबनीस

गिरगावकरांचं GT बद्दल बरोबर आहे. नुसतीच बेरीज असेल तर ते सगळ्यात सोपं. पण GT मधून वजा करायला वेगळं बटण नसतं. परतीची ओळ `0 - 15 × 22 =` अशी उलटी मारावी लागते. साधा कॅल्क्युलेटर डावीकडून क्रमाने चालतो, त्यामुळे उत्तर -330 येतं आणि GT मधून तेवढे कमी होतात. घाईत ते शून्य आणि वजा विसरायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे मधेच कुणी भाव विचारला आणि तुम्ही सहज काही गुणून `=` मारलंत, तर तेही GT मध्ये जाऊन बसतं.

M+ रक्कम दोनदा धरत नाही. ते `=` चं काम स्वतःच करतं: अर्धवट गुणाकार पूर्ण करतं, उत्तर दाखवतं आणि तेच मेमरीत टाकतं. म्हणून मधे `=` मारायची गरजच नाही. तुमची यादी अशी होईल:

```
MRC MRC  ON/C
4 × 1385 M+     5540
60 × 24 M+      1440
35 × 48 M+      1680
12 × 165 M+     1980
15 × 22 M-       330
40 × 36.5 M+    1460
MRC            11770
```

पहिली ओळ सोडू नका. तुमची दोन उत्तरं वेगळी यायचं बहुधा हेच कारण आहे. C मारलं की पडदा कोरा होतो, पण आधीच्या चलनाची रक्कम मेमरीत तशीच राहू शकते. MRC लागोपाठ दोनदा दाबलं की मेमरी पुसली जाते. कोपऱ्यातलं छोटं M अक्षर गेलं की समजायचं आता खरंच रिकामी आहे. ज्यांच्या यंत्रावर MR आणि MC वेगळी बटणं आहेत त्यांनी MC दाबायचं.

सूट आणि कर पण मेमरीतच होतात:

```
MRC × 5 % M-     588.5
MRC × 18 % M+   2012.67
MRC            13194.17
```

इथे प्रत्येक MRC एकदाच दाबायचं. आणि MRC ने बेरीज पडद्यावर आणल्यावर चुकून M+ दाबलं गेलं तर अख्खी बेरीज मेमरीत दुप्पट होते, तेवढं सांभाळा.

सुमेधा_डोंबिवली

संध्याकाळी गल्ला मोजताना हेच करता येईल का? नोटांचे गठ्ठे असतात. मला बटण नीट दाबलं गेलं की नाही याची खात्री वाटत नाही, म्हणून हात परत M+ वर जातो.

हिशेबनीस

सुमेधाताई, येईल. `500 × 37 M+`, मग `200 × 18 M+`, असं चिल्लरपर्यंत. दिलेले पैसे M- ने.

हात परत गेला असेल तर घाबरायचं कारण नाही. M+ नंतर तीच रक्कम पडद्यावर उभी असते. लगेच एकदा M- दाबा, जास्तीची एक रक्कम निघून जाते. पण पुढचा आकडा टाइप करायच्या आधी. बटण लागलं का ते ओळखायची खूण अशी की `500 × 37` मारल्यावर पडद्यावर 37 असतं आणि M+ लागलं की 18500 होतं. आकडा बदलला म्हणजे रक्कम गेली. हमालीसारखी रक्कम गुणाकाराशिवाय थेट टाकता तेव्हा मात्र पडद्यावरचा आकडा बदलत नाही, तिथे ही खूण मिळत नाही. अशा ओळी शेवटी एकत्र घ्याव्यात, `150 + 80 + 60 M+`. शेवटच्या आकड्यानंतर परत `+` दाबून मग M+ मारू नका. काही यंत्रं अशा वेळी बेरीज स्वतःमध्येच मिळवतात.

काउंटरवरचा

हिशेबनीस साहेब, करून पाहिलं. सूट धरायच्या आधी तुमचे ११,७७० यायला हवे होते, माझे ११,६६२ आले. मेमरी पुसूनच सुरू केली होती. आता पूर्ण यादी परत मारायची का? साठ ओळींच्या चलनात चूक शोधायची कशी?

हिशेबनीस

परत मारायचीच, पण मेमरी न पुसता आणि उलट्या बाजूने. ११,६६२ मेमरीत राहू द्या. चलनाच्या खालच्या ओळीपासून वर या आणि M+ च्या जागी M-, परतीच्या ओळीला M- च्या जागी M+ दाबा. दोन्ही फेऱ्या जुळल्या तर शेवटी मेमरी शून्य होते आणि M अक्षर आपोआप जातं. खालून वर यायचं कारण एवढंच की वरून खाली वाचताना डोळा ज्या जागी फसतो, तिथे तो पुन्हा तसाच फसतो.

शून्य आलं नाही तर जे उरतं तेच चूक कुठे आहे ते सांगतं. तुमच्याकडे -108 उरेल. एखाद्या ओळीच्या रकमेइतकंच उरलं असतं तर ती ओळ सुटली किंवा दोनदा गेली. एखाद्या रकमेच्या दुप्पट उरलं असतं तर M+ आणि M- ची अदलाबदल झाली, परतीच्या ओळीत हे हमखास होतं. १०८ हे दोन्हींत बसत नाही, पण त्याला ९ ने भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. इथे नग गुणलेले आहेत, म्हणून १०८ म्हणजे १२ गुणिले ९. बारा नगांची ओळ एकच आहे, एमसीबीची. तुम्ही बहुधा १६५ च्या जागी १५६ मारलं असणार. नाहीतर वायरच्या ओळीत १३८५ च्या जागी १३५८, कारण ४ गुणिले २७ पण १०८ च होतात. ९ ने भाग जाणं ही फक्त खूण आहे, दुसऱ्या चुकांतही तसा फरक योगायोगाने येऊ शकतो.

काउंटरवरचा

१५६ च मारलं होतं! पण साठ ओळी दोनदा म्हणजे वेळ तेवढाच गेला की.

हिशेबनीस

वेळ थोडाफार तेवढाच, पण फरक कुठे आहे ते कळतं. चलन तीन-चार पानांचं असेल तर प्रत्येक पान संपलं की एकदा MRC दाबून आकडा पानाच्या कोपऱ्यात टिपा. ओळीची रक्कम लिहिणं वेगळं, पानाला एक आकडा वेगळा. उलट फेरीत पान संपल्यावर मेमरीत त्याच्या आधीच्या पानाचा आकडा दिसला पाहिजे. नाही दिसला तर चूक त्याच पानात आहे, बाकीची पानं मारायची गरज नाही.

टेम्पोवाल्याशी बोलण्यात यंत्र आपोआप बंद झालं तर चालू करून आधी M अक्षर आहे का बघा. असेल तर एकदाच MRC दाबून आकडा ओळखीचा आहे ना ते पाहा. कुठल्या ओळीवर होतो हे यंत्र सांगणार नाही, ओळीवर पट्टी ठेवून काम करा.

गिरगावकर

वरच्या कळींचं कुणी बोललं नाही. एक कळ A वर असेल तर बेरजेत पॉइंट आपोआप लागतो. `1250 + 340` मारून 15.90 दिसलं तर कळ तिथेच आहे. हमालीच्या रकमा त्यामुळेच बिघडतात.

आणि पैशांचं म्हणाल तर मेमरीत नेहमी पडद्यावर दिसतो तोच आकडा जातो.

हिशेबनीस

A चं अगदी बरोबर, ती कळ सोयीच्या जागी सरकवून ठेवा. "नेहमी" बद्दल मात्र खात्री नको. आपापल्या यंत्रावर तपासा. कळ 2 वर आणि दुसरी 5/4 वर ठेवून `2 ÷ 3 M+` तीनदा मारा, मग MRC. 2.01 आलं तर पूर्णांकित केलेली रक्कम मेमरीत जाते. 2.00 आलं तर मेमरीत पूर्ण अपूर्णांक राहतो, पडदा फक्त तो पूर्णांकित करून दाखवतो.

काउंटरवरचा

माझं 2.01.

सुमेधा_डोंबिवली

माझं 1.99999999998. कळ F वर होती वाटतं.

नाना_परळ

माझ्याकडे जुना आहे, 2 वर ठेवूनसुद्धा 2.00 च आलं. मग माझ्या बिलात पैशांचा फरक यायचा तो यामुळेच का?

हिशेबनीस

नाना, असू शकतं. समोरच्याने ओळीची रक्कम पैशापर्यंत पूर्णांकित केली असेल आणि तुमच्या यंत्राने नसेल, तर भाव तीन दशांशांत असलेल्या ओळींमध्ये फरक पडेल. भाव साडेछत्तीससारखे आणि नग पूर्ण असतील तर पडायला नको. एखादं बिल टाका इथे, मग बघू.