‘कोसळणे’ की ‘मिटणे’? पाण्यातल्या रिकाम्या पोकळीसाठी क्रियापद हवं

शिक्षिका, बेळगाव: बी.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. प्रश्न जुना आहे. इंग्रज गणितज्ञ बेझंटनं १८५९ मध्ये मांडला आणि भौतिकशास्त्रज्ञ रॅलेनं १९१७ मध्ये ऊर्जेच्या हिशेबानं सोडवला: अथांग पाण्यात एक रिकामी गोल पोकळी एकाएकी तयार झाली, तर ती नाहीशी व्हायला किती वेळ लागेल? मी ‘कोसळण्याचा काळ’ लिहिलं आणि अडले. कोसळतं ते वरून खाली, दरड किंवा भिंत. हे पाणी तर सगळीकडून आत येतं. कन्नडमध्ये ‘कुसित’ म्हणतात, त्यातही खाली खचणंच आहे. तुम्ही काय म्हणाल?

उद्यमबागचा एक फाउंड्रीवाला: आमच्यात कॅव्हिटी म्हणजे साच्यातली जागा, धातू ओततो ती. ती कोसळली तर ‘साचा बसला’ म्हणतो. ‘बसणे’ घ्या की.

शिक्षिका: दादा, तुमची पोकळी वाळूत असते, आणि वाळू स्वतःच्या वजनानं बसते. इथं वजनाचा संबंध नाही. बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलतो.

विद्यार्थी, निपाणी: बाई, ‘मिटणे’ चालेल. मूठ मिटते तसं. मी हिशेबही केला. दाबानं केलेलं काम म्हणजे दाब गुणिले कमी झालेलं घनफळ. ते पाण्याच्या गतीत गेलं. आत येणारं पाणी पोकळीएवढंच धरलं. १ मिलिमीटर त्रिज्येला ५३ मायक्रोसेकंद आले.

निवृत्त प्राध्यापक, खानापूर: बाळ, वाट बरोबर धरलीस, पाणी कमी मोजलंस. पोकळीच्या काठावरचं पाणी आत सरकतं तेव्हा त्याच्या मागचं आणि त्याच्याही मागचं हलतं. पाणी दाबलं जात नाही असं धरलं, तर पोकळीभोवतीच्या प्रत्येक गोल कवचातून तेवढंच पाणी जायला हवं, म्हणून वेग अंतराच्या वर्गानं कमी होत जातो. हे सगळं जोडलं की गतिज ऊर्जा 2πρR³U² येते; ρ पाण्याची घनता, R त्या घडीची त्रिज्या, U काठाचा वेग. त्या घडीच्या पोकळीत मावेल तेवढ्या पाण्याच्या तिप्पट पाणी काठाच्या वेगानं धावतंय, असा तिचा अर्थ. तू एकपट धरलंस, म्हणून काळ √3 नं भागल्यासारखा कमी आला. सुरुवातीची त्रिज्या R₀ आणि बाहेरचा दाब P धरून नीट केलं तर काळ

T = 0.915 R₀ √(ρ/P)

म्हणजे तुझ्या १ मिलिमीटरला समुद्रसपाटीच्या दाबाला ९१ मायक्रोसेकंद. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, हवेचा दाब ९२-९३ किलोपास्कल, म्हणून आपल्याकडं ९५ च्या आसपास.

आता शब्दाकडं येतो. समुद्रसपाटीच्या दाबाला त्रिज्या निम्मी होते तेव्हा काठाचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर असतो, आणि ९१ पैकी ८२ मायक्रोसेकंद तोवर संपलेले असतात. उरलेली निम्मी त्रिज्या ९ मायक्रोसेकंदांत जाते. त्रिज्या दहाव्या भागावर येते तेव्हा वेग सेकंदाला २६० मीटर. सुरुवात मिटण्यासारखी, शेवट कोसळण्यासारखा. मला तरी एकाच क्रियापदात दोन्ही दिसत नाहीत.

शिक्षिका: सर, म्हणजे शेवटाला वेग अनंत?

प्राध्यापक: सूत्रात अनंत, खऱ्या पाण्यात नाही. त्रिज्या मूळच्या सुमारे बत्तिसाव्या भागावर आली की हिशेबातला वेग पाण्यातल्या ध्वनीच्या वेगाएवढा होतो. पाणी दाबलं जात नाही हे गृहीतक त्याच्या आधीच डळमळलेलं असतं. शिवाय खरा बुडबुडा रिकामा नसतो, आत वाफ असते, थोडी हवा असते. पण काळ फारसा बदलत नाही, कारण हा शेवटचा तुकडा काळात नगण्य आहे. म्हणून सूत्र काळासाठी विश्वासाचं, शेवटच्या वेगासाठी नाही.

शेतकरी, हुक्केरी तालुका: आमचा नदीवरचा पंप सक्शनला पाणी कमी पडलं की खडे घातल्यासारखा वाजालाय. मेकॅनिकनं फॅन काढून दाखवला, पात्यांच्या कडेला मुंग्यांनी कोरल्यासारखे बारीक खड्डे. ‘पाण्यानं खाल्लाय’ म्हणाला. हाच बुडबुडा काय?

प्राध्यापक: भाऊ, जात तीच. पण पात्याजवळचा बुडबुडा गोल राहून मिटत नाही. पात्याच्या बाजूनं पाणी यायला वाट कमी, म्हणून पलीकडची बाजू आधी आत घुसते आणि पाण्याची बारीक धार पात्यावर आदळते. गोल पोकळीचं सूत्र तिथं अंदाजापुरतंच.

विद्यार्थी: म्हणजे तिथं ‘मिटणे’ चुकीचंच.

फाउंड्रीवाला: आणि ‘मिटणे’ म्हटलं की आमच्या भागात आधी सीमाप्रश्नच आठवतो. तंटा मिटतो, मूठ मिटते, आता पोकळीही मिटणार?

शिक्षिका: मूठ मिटते तो अर्थ मुलांना आधी सांगेन. शीर्षकात ‘पोकळी मिटण्याचा काळ’ ठेवते. पात्याजवळच्या बुडबुड्याला मात्र ‘मिटणे’ लावणार नाही. हुक्केरीचे भाऊ, तुमच्याकडं त्या आवाजाला वेगळा शब्द आहे का?

शेतकरी: आवाजाला नाही बाई. पंप ‘खडे चावालाय’ एवढंच म्हणतो.