मदत हवी आहे: स्पॉन्सरशिपला नाही म्हणायचं पत्र. वस्तू चांगली आहे पण माझ्या प्रेक्षकांच्या कामाची नाही

काळीमाती_परभणी

नमस्कार मंडळी. माझं कोरडवाहू शेतीवर यूट्यूब चॅनल आहे, साडेतीन वर्षं झाली, ४१ हजार सबस्क्रायबर आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा एवढंच करतो. घरच्या सोयाबीनची उगवण गोणपाटात शंभर दाणे ठेवून कशी तपासायची, ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरायची घाई का करू नये, असे व्हिडिओ जास्त चालतात.

आता एका एजन्सीकडून मेल आलाय. ठिबकचा ऑटोमॅटिक कंट्रोलर आहे, मोबाईलवरून व्हॉल्व्ह चालू-बंद होतात, त्यावर आठ मिनिटांचा एक व्हिडिओ आणि दोन शॉर्ट्स करायचे, ३५ हजार देतायत. सॅम्पल पण पाठवलंय, खोका अजून फोडला नाही. पैसे माझ्यासाठी मोठे आहेत, खोटं कशाला बोलू, पण माझे बघणारे दोन ते पाच एकरवाले आणि सगळं पावसावर, विहीर असली तरी फेब्रुवारीत तळ दिसतो, ठिबकच नाही तर कंट्रोलर कशावर बसवणार.

म्हणून नाही म्हणायचंय, पण मॅडम खूप चांगलं बोलल्या, त्यांचं मन दुखवायचं नाही. मी हे लिहिलंय, बघा जरा:

"मॅडम, आपल्या ऑफरबद्दल आभार. परंतु सध्या कामाच्या व्यापामुळे व्हिडिओ करणे शक्य होणार नाही. तसेच सदर उपकरण महाग असल्याने आमच्या शेतकरी बांधवांना परवडणार नाही. भविष्यात आपण नक्की एकत्र काम करू."

हे बरोबर आहे का? का अजून नम्र पाहिजे?

ठिबकराव

दादा नाही कशाला म्हणताय, ठिबकला सबसिडी आहे ना. अल्पभूधारकाला केंद्राची ५५ टक्के, त्यावर राज्याची भर घालून ८० टक्क्यांपर्यंत जाते. तुमच्याच लोकांना उलट कळलं पाहिजे. व्हिडिओ करा.

काळीमाती_परभणी

सबसिडी ठिबक संचाला आहे भाऊ, पाण्याला नाही. अर्ज करताना पाण्याची सोय दाखवावी लागते, आणि माझ्या बघणाऱ्यांचं तिथंच अडतं. आणि ही वस्तू तर ठिबक बसवून झाल्यानंतरची आहे.

ठिबकराव

हो, ते पण आहे. आमच्याकडे नाशिक साईडला सगळ्यांच्या द्राक्षबागेत ठिबक, म्हणून मला वाटलं.

सुगरण_म्हापसा

मी गोव्याची, रेसिपीचं चॅनल आहे, शेतीतलं काही कळत नाही पण पत्राचं सांगते. मला एका एअर फ्रायरची ऑफर होती, माझ्या बघणाऱ्या बायका शितकढी, हुमण, खतखतं बघायला येतात, त्यात एअर फ्रायर कुठे बसवू. मी असंच "सध्या शक्य नाही" लिहिलं. दर महिन्याला मेल यायचा, मॅडम आता मोकळ्या झालात का, गणपतीनंतर करूया का, दिवाळीला करूया का. चार वेळा टाळलं, पाचव्यांदा फोनच आला आणि मग मलाच लाजल्यासारखं झालं कारण व्याप वगैरे काही नव्हता, सरळ नकोच होतं. ते "सध्या" काढा आधी.

नवा_चॅनलवाला

४१ हजारावर ३५ हजार मिळतात? माझे १८ हजार आहेत, एजन्सीला मेल कसा करायचा कोणी सांगेल का?

पूर्वी_एजन्सीत

@नवा_चॅनलवाला त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे उलटा प्रश्न चाललाय.

@काळीमाती मी सहा वर्षं एजन्सीत हेच काम केलंय, तुमच्यासारख्यांना मेल पाठवायचं. तुमचा मेल तिकडे पोचल्यावर काय होतं ते सांगते म्हणजे पत्र आपोआप सुधारेल. त्या मॅडमकडे एक शीट असते, त्यात एका कॅम्पेनची तीस-चाळीस चॅनल. प्रत्येकापुढे हो, बोलणी चालू, किंवा नाही, आणि त्याच्या बाजूला कारणाचा रकाना. ती शीट कंपनीच्या माणसाकडे जाते. म्हणजे तुमचं पत्र वाचणारे दोघं आहेत. मॅडम पूर्ण वाचतील, पण कंपनीचा माणूस फक्त त्या रकान्यातली एक ओळ वाचणार. ती ओळ मॅडमनी बनवायची का तुम्ही द्यायची एवढाच प्रश्न आहे.

आता तुमचं पत्र त्या शीटमध्ये कसं जाईल बघा. "सध्या कामाचा व्याप" म्हटलं की मी ते "बोलणी चालू"मध्ये टाकायचे आणि पुढच्या महिन्याची तारीख घालायचे, सुगरणताईंना तेच झालं. "महाग आहे" म्हटलं की तो नकार राहतच नाही, तो भाव करणं झालं. दोन दिवसात उत्तर येईल की तुमच्या प्रेक्षकांसाठी खास कूपन कोड देतो, १५ टक्के सूट, आता करा. मग तुम्ही काय म्हणणार? आणि त्यांच्या वस्तूला तुम्ही न वापरता महाग म्हणालात हे कंपनीपर्यंत जातं ते वेगळंच. "भविष्यात नक्की" हा तर शब्द दिल्यासारखा झाला. नम्रता कमी नाहीये पत्रात, नकारच कुठे दिसत नाहीये.

कारण एकच द्या, खरं तेच, आणि ते किमतीचं किंवा वेळेचं नको, वापराचं द्या. वापरच होणार नसेल तर त्यावर सूट देऊन भागत नाही. आणि "बहुतेक" असं अंदाजाने लिहू नका, तुमच्याकडे काही आकडा आहे का?

काळीमाती_परभणी

आहे की! मागच्या रब्बीला कम्युनिटी टॅबवर पोल टाकला होता, तुमच्या शेतात ठिबक आहे का म्हणून, हरभऱ्याला पाणी कसं देता त्या व्हिडिओसाठी. ६१२ मतं पडली, त्यात ५३ जणांकडे ठिबक.

ठिबकराव

पण ५३ तर आहेत ना. कंपनी म्हणेल तेवढे पुरेत.

पूर्वी_एजन्सीत

म्हणू शकते, आणि त्यांच्या जागी चूक पण नाही. पण तेवढ्यांसाठी बाकीच्या ५५९ जणांना आठ मिनिटं बसवायचं का हे चॅनलवाल्याने ठरवायचं. लोक पहिल्या मिनिटात निघून गेले की कंपनीच विचारते असं का झालं, मी अशा मीटिंगांना बसलेय. पोलमध्ये मत देणारे म्हणजे सगळे बघणारे नव्हेत हे मात्र खरं, म्हणून पत्रात "आमच्या पोलमध्ये" असंच लिहा, "आमच्या ९१ टक्के प्रेक्षकांकडे" असं नको.

विचार_करतोय

मला एक कळलं नाही, यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण करायची सोय आहे, ती केली, व्हिडिओत पण सांगितलं की जाहिरात आहे, मग अडचण काय? सगळं उघड आहे की. ज्याला नको तो पुढे जाईल.

काळीमाती_परभणी

ती खूण तर करावीच लागते, त्यात वाद नाही. पण खूण केल्याने ते पैसे घेऊन केलंय एवढंच कळतं. माझ्याकडे लोक पेरणीच्या आधी येतात, काय घ्यावं काय नाही ते विचारतात, मागच्या वर्षी एकाने मी दाखवलेली बीजप्रक्रियेची पावडर आणायला तालुक्याला दोन फेऱ्या मारल्या. असा माणूस जाहिरात लिहिलेलं वाचून पण घेतो, कारण मी दाखवलं म्हणून. घरी नेऊन कुठेच बसली नाही तर?

पूर्वी_एजन्सीत

तेच लिहायचंय, फक्त कंपनीला वाचायला सोपं. असं बघा:

"विषय: ठिबक कंट्रोलरचा व्हिडिओ आम्ही करू शकत नाही

नमस्कार मॅडम,

आपण आमच्या चॅनलचा विचार केलात, फोनवर सगळं नीट समजावून सांगितलंत, त्याबद्दल आभार. हा व्हिडिओ आम्ही करणार नाही हे कळवण्यासाठी लिहितोय.

आमचे प्रेक्षक पावसावर सोयाबीन-तूर घेणारे शेतकरी आहेत. मागच्या रब्बीत आम्ही घेतलेल्या पोलमध्ये ६१२ पैकी ५३ जणांकडेच ठिबक होतं, त्यामुळे ठिबकवर बसणारं उपकरण बाकीच्यांना वापरता येणार नाही. उपकरणाच्या दर्जाबद्दल किंवा मानधनाबद्दल आमची काही तक्रार नाही.

कंट्रोलरचा खोका न उघडता ठेवला आहे. परतीचा पत्ता कळवा किंवा आपल्याकडून पिकअप लावा, पावतीचा फोटो पाठवतो.

बीजप्रक्रिया किंवा पेरणी यंत्र यासारखं, कोरडवाहू शेतात वापरता येईल असं काही आपल्याकडे आलं तर कळवा, बघून ठरवू."

नकार विषयातच आहे, म्हणजे मेल न उघडता पण कळतं. "६१२ पैकी ५३" ही ती रकान्यातली ओळ, मॅडम तीच उचलून चिकटवतील. आणि शेवटी "नक्की करू" नाहीये, "बघून ठरवू" आहे.

सुगरण_म्हापसा

मला विषयातच नकार थोडा कडक वाटतो हो. आपल्याकडे आधी दोन शब्द बोलून मग नाही म्हणतात. मी विषय नुसता "कंट्रोलरच्या व्हिडिओबद्दल" असा ठेवला असता.

पूर्वी_एजन्सीत

चालेल तसं पण. मेलच्या पहिल्या चार ओळींत नकार आला पाहिजे, एवढं पाळा.

हिशेबनीस_पुणे

सॅम्पलचं हलकं घेऊ नका. वर्षभरात एका कंपनीकडून २० हजारांच्या वर किमतीची वस्तू मिळाली आणि ठेवून घेतली तर तो लाभ धरून १० टक्के टीडीएसचा विषय येतो, आणि तुमच्या उत्पन्नात पण दाखवावं लागतं. परत केली तर लाभ धरत नाहीत. म्हणून परतीची पावती जपून ठेवा. खोका ठेवून घेऊन नाही म्हणणं तसंही बरं दिसत नाही.

काळीमाती_परभणी

खोक्यावर २८ हजार छापलेत, म्हणजे हे उपयोगाचं झालं, धन्यवाद.

अजून एक अडचण सांगायची राहिली. एजन्सीला माझा नंबर दिला तो माझ्या मामेभावाने, तालुक्याला त्याच कंपनीची डीलरशिप त्याच्याकडे आहे. त्याला वाटतंय घरचा माणूस आहे, करेलच. आता आधी मेल करू का आधी त्याच्याकडे जाऊन येऊ?

ठिबकराव

आधी भावाकडे जा. मेल एका दिवसाने काही बिघडत नाही, भावाला दुसऱ्याकडून कळलं तर वर्षभर पुरेल.

पूर्वी_एजन्सीत

मी उलट म्हणेन. आधी भावाकडे गेलात तर तो मॅडमना फोन करणार, थांबा मी समजावतो त्याला, आणि मग पत्र जायच्या आधीच बोलणी पुन्हा सुरू. मेल पाठवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी भावाकडे जा.

सुगरण_म्हापसा

मी तर भावाला सांगितल्याशिवाय पाठवलं नसतं. घरचं माणूस आहे.

काळीमाती_परभणी

अपडेट देतो. सकाळी नऊला मेल पाठवला, विषय सुगरणताईंचा आणि बाकी सगळं तुमचं, "आम्ही"चं "मी" केलं कारण चॅनलवर मी एकटाच आहे. दुपारी मॅडमचं उत्तर आलं, कारण कळलं, कंपनीला तसंच पुढे पाठवते, पिकअप गुरुवारी येईल. शेवटी विचारलंय की ठिबकवाले शेतकरी बघतात असं दुसरं चॅनल सुचवाल का. नाशिककडचे एक ओळखीचे आहेत, त्यांना विचारल्याशिवाय नंबर देणार नाही, त्यांना आत्ता मेसेज टाकलाय.

भावाकडे जेवण करून निघतोय.