अनुभव धागा: वरिष्ठांच्या छळानंतर घसरलेलं रेटिंग, हुकलेली बढती आणि तारखांचा पुरावा

मनवा
वरिष्ठांनी छळलं आणि मग अप्रेझल खाली आलं, असं सांगणारे आपल्या ओळखीत पुष्कळ असतात. पण या दोन गोष्टींचा संबंध आहे, हे दाखवायची वेळ आली की बहुतेकांची अडचण होते. समोरचा शांतपणे म्हणतो, "त्रास वेगळा, काम वेगळं. काम कमी पडलं." मला या धाग्यात नेमकं तेवढंच हवं आहे: तुमच्याकडे कोणते तारखेचे कागद होते, त्यातला कोणता उपयोगी पडला आणि कोणता कुचकामी ठरला. हरलेल्यांनीही लिहा. माणसाचं, कंपनीचं किंवा खात्याचं नाव मात्र नको.

शेवंती
मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. सगळ्यांसमोर हिणवणं, रात्री अकराला मेल टाकून सकाळी नऊला उत्तर का नाही म्हणून झापणं, असं बरेच महिने चाललं होतं. १९ सप्टेंबर २०२२ ला मी एचआरकडे लेखी तक्रार केली. १२ एप्रिल २०२३ ला रेटिंगचं पत्र आलं: पाचपैकी दोन. आधीची दोन्ही वर्षं चार होतं. त्या वर्षीची बढतीही गेली.

मी आधी एवढंच मांडलं की तक्रार केली आणि रेटिंग पडलं. एचआर म्हणालं, मध्ये जवळजवळ सात महिने गेलेत, आणि यंदा बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठराविक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग द्यायच्या पद्धतीत, बऱ्याच जणांचं खाली आलंय. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एका मैत्रिणीने सुचवलं की तक्रारीची तारीख बाजूला ठेव, तक्रार झालीय हे मॅनेजरला कधी कळलं ते शोध.

ते माझ्या मेलमध्येच होतं. ३ नोव्हेंबरला एचआरने मला लिहिलं होतं, "आज तुमच्या मॅनेजरशी बोललो." त्याआधी, १४ ऑक्टोबरला, त्याच मॅनेजरने सहामाही आढाव्यात माझ्याबद्दल लिहिलं होतं की काम अपेक्षेपेक्षा सरस आहे आणि पुढच्या पदाची तयारी दिसते. म्हणजे तक्रार झालेली होती, पण त्याला ठाऊक नव्हती, तेव्हाचं त्याचं मत चांगलं होतं. ११ नोव्हेंबरला क्लायंटच्या साप्ताहिक कॉलमधून माझं नाव निघालं, कॅलेंडरमध्ये रद्द झाल्याची नोंद होती. २ डिसेंबरला सिस्टिममधली माझी उद्दिष्टं बदलली गेली. आणि वर्षाअखेरच्या शेऱ्यात काय लिहिलं? "क्लायंटशी संवाद कमी पडला."

बेल कर्व्हचं उत्तरही तारखेतच सापडलं. आमच्या सिस्टिममध्ये मॅनेजरने दिलेला आकडा आणि शेवटचा आकडा वेगवेगळे दिसायचे. मॅनेजरने २० फेब्रुवारीला दोन भरले होते. सगळ्या टीमचे आकडे एकत्र बसवणारी बैठक झाली ९ मार्चला, आणि त्यानंतरही आकडा दोनच राहिला. जे बैठकीत खाली आलंच नाही, ते बेल कर्व्हमुळे कसं काय?

हे सगळं मी एका पानावर मांडलं: तारीख, काय झालं, ते कुठल्या नोंदीत दिसतं. "छळ", "सूड" असे शब्द त्यात एकदाही नव्हते. वरच्या समितीने रेटिंग तीन केलं. बढती परत मिळाली नाही, "त्या वर्षीच्या जागा भरल्या" एवढंच उत्तर आलं. ते मला अजूनही पटलेलं नाही.

रोखठोक_नाशिक
मग एवढं खोलात कशाला जायचं? तक्रारीनंतर रेटिंग पडलं की सूड सिद्धच होतो. पुढे कंपनीने सिद्ध करायचं की तसं नाही. सरळ नोटीस पाठवा, माघार घेतात.

आस्थापना_निवृत्त
रोखठोक, क्रम दाखवणं ही पहिली पायरी, ते बरोबर. पण नुसत्या क्रमाने काम होत नाही. मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत आयुष्य काढलं. तक्रारीनंतर खरोखरच काम बिघडलेलीही प्रकरणं पाहिली आहेत. शेवंतीताईंचं प्रकरण टिकलं, कारण कमी गुण देण्याचं जे कारण लिहिलं गेलं, ते साहेबांनीच आधी निर्माण केलं होतं आणि त्याला तारीख होती.

आमच्याकडचं एक प्रकरण सांगतो. एका कर्मचाऱ्याने साहेबांच्या शिवीगाळीविरुद्ध वरिष्ठांकडे मार्चमध्ये अर्ज दिला. त्या वर्षाचा गोपनीय अहवाल खाली आला, आणि समर्थनासाठी साहेबांनी तीन ज्ञापनं जोडली: डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीची. कागदावर सगळं तक्रारीच्या आधीचं दिसत होतं. कर्मचारी म्हणाला, मला ही मिळालीच नाहीत. त्याने माहिती अधिकारात जावक नोंदवहीची प्रत मागितली. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. तिन्ही ज्ञापनांचे जावक क्रमांक एकापाठोपाठ एक होते, आणि वहीत ते एप्रिलच्या एकाच पानावर चढलेले. पत्रावरची तारीख टंकणाऱ्याच्या हातात असते. वहीतला क्रमांक वरच्या आणि खालच्या नोंदींमध्ये अडकलेला असतो.

म्हणून आपला अर्ज देताना पोचप्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचाच. नुसत्या सहीची पोच पुढे कोणी ओळखत नाही. शेऱ्यांविरुद्ध अभिवेदन मुदतीत द्यायचं. आणखी एक बघायचं: शेरे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्या काळात निदान तीन महिने काम झालं होतं का. नसेल तर त्याने लिहायलाच नको होतं.

कोकणी_माणूस
आमच्या खात्यात माझ्यापेक्षा कनिष्ठ असलेल्याला बढती मिळाली. ज्येष्ठता यादीत माझं नाव वर होतं. मीही तारखा काढू का?

आस्थापना_निवृत्त
तुमचा प्रश्न वेगळा आहे. आधी ती यादी केव्हा प्रसिद्ध झाली, तुम्ही हरकत घेतलीत का आणि बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार जागांचा क्रम ठरवणारी यादी, काय सांगते, ते बघा. छळाचा विषय नसेल तर उगाच त्यात आणू नका, मूळ हरकत दुबळी होईल.

वारणाकाठ
माझा शेरा वाईट नव्हताच, "चांगला" होता. पण बढतीसाठी "अतिशय चांगला" लागायचा. साहेबांना हे पक्कं माहीत होतं. मला तो कळवलाही नाही, कारण "प्रतिकूल असेल तरच कळवतात". कोणाचं असं झालंय?

आस्थापना_निवृत्त
वारणाकाठ, नेमकं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. देव दत्त विरुद्ध भारत सरकार, २००८. सीमा रस्ते संघटनेतले कार्यकारी अभियंता. पाच वर्षं "अतिशय चांगला" हवं होतं, १९९३-९४ चा एकच शेरा "चांगला" होता आणि तो कळवलेला नव्हता. न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक नोंद कळवली पाहिजे. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. त्या निकालात छळाचा विषय नाही, हे ध्यानात ठेवा. तो तुम्हाला अहवाल बघायचा आणि त्यावर बोलायचा हक्क देतो. साहेबांचा हेतू तुम्हालाच दाखवावा लागेल. आणि न्यायाधिकरणात जायला साधारणपणे एक वर्षच असतं, नंतर उशीर माफ करून घेत बसावं लागतं.

अनघा_लंडन
रोखठोक यांचं म्हणणं इथे इंग्लंडमध्ये अर्धवट खरं ठरतं, आणि त्या अर्धवटपणाचा मला फटका बसला. इथे २०१० च्या समानता कायद्यात तक्रारीचा सूड घेण्याविरुद्ध संरक्षण आहे, आणि सुरुवातीची बाजू पुरेशी उभी राहिली तर खुलासा मालकाला द्यावा लागतो. पण तक्रार भेदभावाची असावी लागते. माझ्या पहिल्या तक्रारीत "ओरडतो, अपमान करतो" एवढंच होतं. माझ्या उच्चारांची टर उडवायचा, ते मी लिहिलं दुसऱ्या तक्रारीत, पाच महिन्यांनी. रेटिंग त्या दोन्हींच्या मधे पडलं होतं. वकिलांनी पहिल्याच भेटीत तारखा लावल्या आणि म्हणाल्या, दुसऱ्या तक्रारीचा सूड तिच्या आधी कसा घेतला जाईल?

एक मात्र कामाला आलं. आपल्याबद्दलची माहिती मागायचा हक्क वापरला, कंपनीने महिन्याभरात मेल दिले. त्यात मॅनेजरने रेटिंगच्या आठवडाभर आधी लिहिलेलं वाक्य होतं की मला "जरा जमिनीवर आणायला हवं". त्या मेलमुळे तडजोड झाली. तेव्हा इथे दाव्याला तीन महिन्यांची मुदत होती आणि अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून ती थांबत नव्हती.

रोखठोक_नाशिक
बरं, मग इथेही सगळे मेल आधीच आपल्या जीमेलवर फॉरवर्ड करून ठेवायचे.

शेवंती
नको! माझ्या एका सहकाऱ्याने तेच केलं. क्लायंटची माहिती बाहेर पाठवली म्हणून त्याच्यावरच कारवाई सुरू झाली आणि मूळ तक्रार बाजूला पडली. मी फक्त मेलची तारीख, वेळ आणि विषय माझ्या वहीत उतरवत होते. मूळ मेल कंपनीच्याच सर्व्हरवर होते, समितीला म्हटलं, हे अमुक तारखेचे काढून बघा. स्वतःचं रेटिंगचं पत्र आणि एचआरने मला लिहिलेले मेल तेवढे छापून घेतले, तेही विचारून.

समिती_सदस्य
मी एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य आहे. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या २०१३ च्या नियमांमधला आठवा नियम बायकांना कोणी सांगतच नाही. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिचं मूल्यमापन करण्यापासून किंवा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखता येतं, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याला देता येतं. पण तिने तसं लेखी मागावं लागतं. अप्रेझल भरायच्या आधी मागितलं तर उपयोग, पत्र हातात आल्यावर फार उशीर होतो. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर समिती आणखी तीन देऊ शकते. इतर प्रकारच्या छळाला हा नियम लागू नाही, ही मोठीच उणीव आहे.

निशिगंध
माझ्याकडे यातलं काहीच नाही. खासगी शाळा, सगळं तोंडी. मुख्याध्यापक केबिनमध्ये बोलावून बोलतात, कागदावर एक ओळ नाही. गेल्या वर्षी पर्यवेक्षकपद मिळणार होतं, ते गेलं. आता कुठून तारखा आणू?

शेवंती
गेलेल्या वर्षासाठी काही ना काही सापडेल: वेळापत्रक कधी बदललं, कुठल्या समितीतून नाव कधी काढलं, पर्यवेक्षकपदाबद्दल कोणी शुभेच्छांचा मेसेज केला होता का. पण आठवणीतून आज लिहिलेल्या टिपणावर आजचीच तारीख घाला, मागची घालू नका. इथून पुढे केबिनमधून बाहेर आलात की त्याच दिवशी सौम्य मेल करा: "आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे नववीचा वर्ग माझ्याकडून काढला आहे. कारण कळलं तर सुधारणा करता येईल." उत्तर आलं नाही तरी तुमचा मेल तारखेसकट राहतो.

निशिगंध
आणि असा मेल केला म्हणूनच त्रास वाढला तर?

मनवा
हा प्रश्न मलाही पडतो. ज्यांनी असे मेल केलेत त्यांनी पुढे काय झालं ते लिहा, विशेषतः छोट्या संस्थांमधल्यांनी, जिथे वर दाद मागायला दुसरं कोणीच नसतं.